ऊन कडक पडलं की सोलर बंद? गच्चीवरून मेन बोर्डाकडे उतरणाऱ्या वायरीतल्या या चुका टाळा

"अहो, ढग आले की सोलर चालतंय, आणि ऊन कडक पडलं की बंद पडतंय." निपाणी, चिक्कोडी, खानापूर भागातल्या घरांतून ही तक्रार आली की पहिला संशय पॅनेलवर जातो, दुसरा इन्व्हर्टरवर. इन्व्हर्टरपासून मेन बोर्डापर्यंतच्या वायरीकडे मात्र कुणी बघत नाही, आणि बहुतेकदा दोष तिथंच असतो.

लांबच्या विहिरीवरच्या मोटारीला बारीक वायरीमुळे व्होल्टेज कमी मिळतं, हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. सोलरमध्ये तोच प्रकार उलटा होतो. बोर्डावर 244 व्होल्ट असतील तर तिथवर करंट ढकलायला इन्व्हर्टरला आपल्या टोकाशी त्याहून जास्त व्होल्टेज द्यावं लागतं. वायर जितकी लांब आणि बारीक, तितका हा चढ मोठा. करंट वाढला की चढही वाढतो, म्हणून नेमका भर दुपारी घोटाळा होतो. इन्व्हर्टरला वरची मर्यादा घातलेली असते: 230 वर 10 टक्के धरले तर 253 व्होल्ट, काही इन्व्हर्टरमध्ये 240 धरून 264. ती ओलांडली की तो लाईनपासून सुटतो. तुमच्या इन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये जो आकडा दिसतो तोच हिशेबाला धरा.

चूक पहिली, आणि सगळ्यात महाग: "4 एमएमची वायर एवढे अँपिअर सहज घेते"

घेते, यात वाद नाही. वायर जळत नाही, गरमही फारशी होत नाही. पण वायर किती अँपिअर सोसते हा एक प्रश्न आणि तिच्यात किती व्होल्ट चढतात हा दुसरा. घाईत काम उरकणारे पहिल्याच प्रश्नापाशी थांबतात.

एक घर घ्या. पुढं सोपा, सोप्यातच मीटर आणि मेन बोर्ड, मागच्या गच्चीवर 5 किलोवॅटचा सिंगल फेज इन्व्हर्टर. भिंती, जिना, वळणं धरून वायर 35 मीटर, तांब्याची, 4 स्क्वेअर एमएम. रोज साडेअकरा ते दोन इन्व्हर्टर बंद-चालू, स्क्रीनवर `Grid Overvoltage`. इन्व्हर्टर बदलला, तरी तेच. मग सकाळी अकराला, तो बंद पडायच्या आधी, मीटर लावून तीन आकडे घेतले. इन्व्हर्टर बंद असताना बोर्डावर 244. इन्व्हर्टर 15 अँपिअर देत असताना बोर्डावर 246. त्याच क्षणी इन्व्हर्टरच्या टोकाशी 252.

या तीन आकड्यांत सगळं आलं. 244 ही लाईन. वरचे 2 व्होल्ट खांबावरून येणाऱ्या सर्व्हिस वायरीतले आणि त्यापलीकडचे. उरलेले 6 व्होल्ट घरातल्या वायरीतले. दुपारी करंट 20 अँपिअरवर गेला की 2 चे पावणेतीन होतात आणि 6 चे आठ-सव्वाआठ. बेरीज 255. मर्यादा 253 ची, मग इन्व्हर्टर सुटणारच.

हिशेब असा:

```
V = 2 × L × I × R / 1000
```

`L` म्हणजे एका बाजूची लांबी मीटरमध्ये, `I` अँपिअर, `R` म्हणजे एक किलोमीटर वायरीचा ओहम. तापलेल्या तांब्यासाठी `R` असा धरा: 4 एमएमला 5.9, 6 ला 4.0, 10 ला 2.3, 16 ला 1.45. सूत्रातला 2 विसरू नका. करंट फेजमधून जातो आणि न्यूट्रलमधून परततो, म्हणजे 35 मीटरच्या अंतरात तांबं 70 मीटर. न्यूट्रल बारीक टाकून पैसे वाचवणाऱ्यांनी हे नीट वाचावं.

या घराला 20 अँपिअरवर 6 एमएमनं साडेपाच व्होल्ट चढले असते, 10 नं सव्वातीन, 16 नं दोन. 10 पुरेल असं वाटतं, पण रविवारी दुपारी लाईन 247 वर जाते हे मोजून दिसलं होतं. 247, सर्व्हिसचे पावणेतीन आणि वायरीचे सव्वातीन मिळून 253. म्हणून 16 टाकली. वायर निवडताना सगळ्यात वाईट दुपार धरायची. मोजमाप नसेल तर आम्ही घरातल्या वायरीत एक टक्का, म्हणजे सव्वादोन-अडीच व्होल्टच्या वर जाऊ देत नाही.

जाड वायर इन्व्हर्टरच्या कनेक्टरमध्ये बसत नाही, ही अडचण खरी आहे. बऱ्याच इन्व्हर्टरचा प्लग 6 एमएमपर्यंतच घेतो. त्यासाठी वायरीच्या चार तारा कापून ती कोंबू नका. इन्व्हर्टरपासून हातभर अंतरावर आयसोलेटरचा डबा बसवा, तिथपर्यंत 6 एमएमचा तुकडा, पुढं 16. हातभर तुकड्यात व्होल्टेज चढत नाही म्हटलं तरी चालेल. अ‍ॅल्युमिनियम वापरायचं तर त्याची 16 ही तांब्याच्या 10 एवढीच धरा, आणि तांब्याशी जोडताना बायमेटल लग लावा.

चूक दुसरी: वरच्या मजल्याच्या बोर्डात जोडून मोकळं होणं

वरचा बोर्ड जवळ आहे, वायर वाचते, म्हणून तिथंच जोडतात. पण त्या बोर्डापासून खालच्या मेन बोर्डापर्यंतची जुनी वायर आता सोलरच्याच वाटेत आली, आणि ती बहुधा 4 एमएमची असते. हिशेब मेन बोर्डापर्यंतचाच करायचा. शिवाय वरच्या मजल्यावरच्या टीव्ही-फ्रिजलाही दुपारी तेच चढलेलं व्होल्टेज मिळतं.

चूक तिसरी: मर्यादाच वाढवून टाकणं

मोबाईलवरून 253 चे 270 करणं दोन मिनिटांचं काम आहे आणि आम्हाला ते अजिबात मान्य नाही. वायरीतला चढ तसाच राहतो, त्यात जाणारी वीजही तशीच जाते. वरच्या घरात 20 अँपिअरला सव्वाआठ व्होल्ट म्हणजे 165 वॅट नुसत्या वायरीत जात होते. मर्यादा वीज कंपनीच्या परवानगीशिवाय हलवायची नाही.

बाकीच्या

उरलेली दहा मीटर वायर वेटोळं करून इन्व्हर्टरमागं लटकवू नका. तीही लांबीत मोजली जाते.

मोजलेला चढ हिशेबापेक्षा बराच जास्त आला तर वायर नव्हे, जोड तपासा. करंट चालू असताना एमसीबीच्या एकाच पोलच्या वरच्या आणि खालच्या वायरीवर मीटर धरा. काहीशे मिलिव्होल्ट दिसले तर स्क्रू ढिला आहे किंवा एमसीबी आतून खराब आहे. हे काम जाणत्या वायरमननंच करावं.

घरात थ्री फेज असेल तर 5 किलोवॅटचाही थ्री फेज इन्व्हर्टर घ्या. करंट तिघांत वाटला जातो, न्यूट्रलमधून जवळजवळ काही जात नाही, आणि त्याच वायरीत चढ सहाव्या हिश्श्यावर येतो.

वायर बदलूनही न सुटणारी गोष्ट

इन्व्हर्टर बंद असतानाच बोर्डावर 250-251 दिसत असतील तर घरात कितीही जाड वायर टाका, फरक थोडाच पडेल. आपल्याकडचा ट्रान्सफॉर्मर 11 केव्हीचे 433 व्होल्ट करतो. एका फेजला ते 250 होतात. लोड नसलेल्या दुपारी ट्रान्सफॉर्मरजवळच्या घरांना जवळजवळ तेवढे मिळतात. अशा वेळी आठ दिवस, दुपारी बारा, एक आणि दोनला, इन्व्हर्टर बंद करून बोर्डावरचे आकडे तारखेसह लिहा आणि ते जोडून हेस्कॉमच्या सेक्शन ऑफिसला अर्ज द्या. ट्रान्सफॉर्मरचा टॅप बदलायचा की नाही ते त्यांनी ठरवायचं, कारण टॅप खाली आणला तर लाईनच्या शेवटच्या घरांना रात्री व्होल्टेज कमी पडू शकतं.