प्रथिनांचा हिशेब चुकतो कुठे? सोया वडी, अंडं, डाळ, शेंगदाणे आणि दूध

सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहत असताना माझ्या रूममेटने महिनाभर एक वही ठेवली होती. रोज किती प्रथिनं खाल्ली आणि त्याला किती पैसे पडले, एवढंच तीत लिहायचं. उकडलेल्या सोया वड्या तो काट्यावर ठेवायचा, १०० ग्रॅम भरल्या की वहीत "५२ ग्रॅम प्रथिनं" लिहायचा आणि खूश व्हायचा. पाकिटावर तसंच छापलेलं होतं ना!

पाकिटावरचा आकडा खरा असतो, पण तो कोरड्या वडीचा. वडी शिजताना वजनाच्या जवळपास दुप्पट पाणी शोषते. म्हणजे काट्यावरच्या त्या १०० ग्रॅममध्ये कोरडी वडी होती साधारण ३५ ग्रॅम आणि प्रथिनं १८. वहीतला आकडा तिप्पट झाला होता. बाकी सगळ्या चुका या एका चुकीच्या मागून येतात, म्हणून पहिला नियम हा: सोया, डाळ, शेंगदाणे मोजायचे ते कोरडे, शिजवण्याआधी. शिजल्यावर मोजायचं असेल तर कोरड्याचं वजन आधी लिहून ठेवा आणि शिजलेल्याचे वाटे करा.

हिशेबाची रीत सोपी आहे. किलोच्या भावाला एका किलोतल्या प्रथिनांच्या ग्रॅमने भागायचं. खाली मी धरलेले भाव शेजारच्या किराणा दुकानातल्यासारखे आहेत. तुमच्या गावात वेगळे असतील, तिथे तुमचा भाव घाला.

| पदार्थ | धरलेला भाव | प्रथिनं | १ ग्रॅम प्रथिनाला |
|---|---|---|---|
| सोया वडी, सुटी | १४० रु. किलो | किलोत ५२० ग्रॅम | २७ पैसे |
| मसूर डाळ | १०० रु. किलो | किलोत २४० ग्रॅम | ४२ पैसे |
| शेंगदाणे | १५० रु. किलो | किलोत २५० ग्रॅम | ६० पैसे |
| अंडं | ७ रु. नग | नगात ६ ग्रॅम | १ रु. १७ पैसे |
| टोन्ड दूध | ५६ रु. लिटर | लिटरात ३१ ग्रॅम | १ रु. ८० पैसे |

डाळीत मी मुद्दाम मसूर घेतली. तूरडाळ १५० रुपयांनी घेतली तर तोच ग्रॅम ६८ पैशांना पडतो. प्रथिनं दोन्हींत जवळजवळ सारखी, फरक फक्त भावाचा. सोया वडीचंही तसंच. सुटी न घेता २०० ग्रॅमचं पाकीट ५० रुपयांना घेतलं तर ग्रॅम ४८ पैशांना जातो, म्हणजे मसुरीपेक्षा महाग. "सोया सर्वांत स्वस्त" हे वाक्य सुट्या वडीपुरतं खरं आहे.

अंड्यात १३ ग्रॅम धरू नका, आणि बलक फेकू नका

अंड्याचा १३ हा आकडा १०० ग्रॅमचा आहे. एक अंडं कवच काढल्यावर ४५ ते ५० ग्रॅमच भरतं, म्हणून हातात येतात साधारण ६ ग्रॅम. त्याहून महागडी चूक जिमच्या पोरांची: पांढरं खायचं आणि बलक बेसिनमध्ये. ६ पैकी अडीच ग्रॅमच्या आसपास प्रथिनं बलकातच असतात. पांढऱ्यात उरतात साडेतीन, म्हणजे ग्रॅमचा भाव एका फटक्यात २ रुपयांवर जातो आणि अंडं दुधापेक्षाही महाग ठरतं. डॉक्टरांनी बलक बंद करायला सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी.

कच्चं अंडं दुधात फेटून पिणारेही भेटतात. कच्च्या अंड्यातलं प्रथिन साधारण निम्मंच अंगी लागतं आणि शिजवलेल्यातलं नव्वद टक्क्यांच्या घरात. ७ रुपयांतले ३ सोडून द्यायचे असतील तर प्या. खोलीत गॅस नसेल तर इलेक्ट्रिक किटलीतही अंडी उकडतात, हे होस्टेलवाल्यांना सांगायला नको.

मेसच्या आमटीला डाळ समजणे

वही लिहिणारा दर वाटीला ८ ग्रॅम धरायचा. मेसच्या पातळ आमटीच्या वाटीत कोरडी डाळ १५ ग्रॅम असली तरी पुष्कळ, आणि तिची प्रथिनं साडेतीन ग्रॅम. तुमच्या डब्यात काय येतं ते पाहायचं असेल तर आमटी स्टीलच्या नाही, काचेच्या पेल्यात ओता आणि अर्धा तास हलवू नका. डाळ खाली बसते, वर पिवळं पाणी राहतं. आमच्या डब्यात खाली दोन बोटं डाळ बसायची आणि वर चार बोटं पाणी. हे बघितल्यावर काकूंशी भांडायला जाण्यात अर्थ नाही, त्या भावात तेवढंच येणार. फक्त वहीत खरा आकडा लिहा.

शेंगदाण्याला प्रथिनांचं खातं देणे

६० पैसे ग्रॅम म्हटल्यावर दाणे स्वस्त वाटतात. पण दाण्यात निम्मं तेल आहे. १० ग्रॅम प्रथिनं मिळवायला सोया वडीतून ७० च्या आत उष्मांक पोटात जातात, मसुरीतून १४० च्या आसपास, शेंगदाण्यातून २२५. वजन कमी करणाऱ्याने दाण्यांवर प्रथिनांचा डोलारा उभा केला तर काटा उलटा चालू लागतो. उलट जो पोरगा हाडं दिसेपर्यंत वाळला आहे आणि अभ्यासात जेवण विसरतो, त्याच्यासाठी हाच गुण आहे. मूठभर भाजलेले दाणे आणि गुळाचा खडा, चार-पाच रुपयांत दीडशे-दोनशे उष्मांक.

दुसरी अडचण बारीक आहे पण महत्त्वाची. आपण पोळी, भाकरी, भात खातो. धान्यांच्या प्रथिनात लायसिन नावाचा घटक कमी पडतो. डाळीत तो भरपूर असतो, म्हणून वरण-भाताची जोडी जमते. सोया, अंडं, दूध यांतही तो चांगला आहे. शेंगदाण्यात मात्र लायसिन कमीच. म्हणजे भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी खाल्ली तर भाकरीची उणीव तशीच राहते, वाटीभर उसळ खाल्ली तर भरून निघते. ६० पैशांतला हा खड्डा तक्त्यात दिसत नाही.

दाणे घेताना एक बघा: सुरकुतलेले, काळपट, बुरशीचे दाणे निवडून टाका, आणि चावल्यावर कडू लागला तर तो थुंका. ओल लागलेल्या दाण्यावरच्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन तयार होतं, त्याने यकृत बिघडतं आणि भाजून ते नाहीसं होत नाही. पावसाळ्यात पाच किलोची "बचत" करू नका, अर्धा किलोच आणा.

दुधाला फक्त प्रथिनांच्या तराजूत तोलणे

१ रु. ८० पैसे पाहून आमच्या वहीवाल्याने दूध तडकाफडकी बंद केलं. तो शाकाहारी होता, अंडंही खात नव्हता. बी-१२ हे जीवनसत्त्व सोया, डाळ, दाणे यांत नसतंच. अशा मुलाला बी-१२साठी दूध-दही हाच रोजचा आधार असतो, शिवाय पावशेर दुधात साधारण ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम येतं. दूध ठेवा, पण प्रथिनांसाठी लिटरभर पिऊ नका. मलईच्या दुधाला जास्त पैसे देऊन प्रथिनं फारशी वाढत नाहीत, वाढते ती चरबी. आणि चहातलं दूध मोजताना कपभर धरू नका. टपरीवरच्या कटिंगमध्ये ते दोन-तीन चमचेच असतं.

आता एक पूर्ण दिवस

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये दिलेली शिफारस दर किलो वजनाला ०.८३ ग्रॅमची आहे. ६० किलोच्या मुलाला रोज ५० ग्रॅम. जिम करणाऱ्याला यापेक्षा जास्त लागतील, पण जाहिरातीतल्या मजकुराइतके नव्हेत.

दोन वेळचा डबा धरा. दिवसाच्या सहा पोळ्यांची कणीक साधारण १५० ग्रॅम, तीतून १६ ग्रॅम प्रथिनं. भाताचे कोरडे तांदूळ ८० ग्रॅम, त्यांतून ६. दोन वाट्या आमटीतून ७. भाजीतून ३, दिवसभराच्या चहातून आणि चमचाभर दह्यातून ३. झाले ३५. धान्य मोजायचं विसरतात ती आणखी एक चूक. प्रथिनं म्हणजे फक्त "प्रोटीनवाले पदार्थ" असं मानलं की तूट १५ ऐवजी ४० दिसते आणि माणूस डबाभर पावडर विकत घेतो.

उरलेले १५ ग्रॅम कशाने भरायचे? ३० ग्रॅम कोरड्या सोया वडीने ४ रुपये २० पैशांत. मसुरीने ६ रुपयांत, शिजवायच्या गॅसचा खर्च वेगळा. ६० ग्रॅम दाण्यांनी ९ रुपयांत, पण सोबत ३४० उष्मांक. अंड्यांनी साडेसतरा रुपयांत आणि दुधाने २७ रुपयांत. मी असतो तर एक अंडं आणि २० ग्रॅम वडी घेतली असती: जवळपास १६ ग्रॅम, खर्च ९ रुपये ८० पैसे, महिन्याला तीनशेच्या आत. अंडं न खाणाऱ्याने २० ग्रॅम वडी आणि पावशेर दही किंवा दूध घ्यावं, साधारण १७ रुपये.

वडी तीच रोज खायची म्हटल्यावर दोन तक्रारी येतात: वास आणि गॅस. दोन्हींचं कारण बहुधा एकच, वडी नीट पिळलेली नसते. मिठाच्या उकळत्या पाण्यात पाच-सहा मिनिटं ठेवा, ते पाणी ओतून द्या, गार पाण्यात बुडवून दोनदा मुठीत घट्ट पिळा. पोट फुगवणाऱ्या शर्करा पाण्यात उतरतात आणि पाण्याबरोबर जातात. पहिल्या आठवड्यात १५ ग्रॅमनेच सुरुवात करा. पिळलेली वडी मेसच्या पातळ रश्श्यात टाकली तर ती रस्सा ओढून घेते, वेगळी भाजी करायची गरज राहत नाही.

हा तक्ता वर्षभर जसाच्या तसा राहणार नाही. थंडीत अंडं महागतं. ८ रुपयांवर गेलं की ग्रॅमचा भाव १ रुपया ३३ पैसे होतो. तेव्हा दुकानात उभं राहून एकदाच भागाकार करा, मोबाइलवर दहा सेकंद लागतात.