शाखाबिंदूपाशी उलटी फिरणारी स्पर्शदिशा

प्रोग्राम बिंदूमागून बिंदू छापतोय, प्रत्येक ठिकाणी F दहा दशांशांपर्यंत शून्य आहे, कुठेही एरर नाही, आणि तरी चित्रातला वक्र एका जागेपुढे सरकतच नाही. F(x, y) = 0 चा माग काढणारा कोड पहिल्यांदा लिहिणाऱ्याला हे दृश्य बहुतेक भेटतंच. मला भेटलं तेव्हा शोधावं तरी काय, हेच कळेना, कारण तपासायच्या सगळ्या गोष्टी बरोबर दिसत होत्या. तुम्हीही तिथेच अडकला असाल तर तुमचा करेक्टर बहुधा ठीक आहे. घोटाळा दिशेत आहे.

मूळ पद्धत तुम्हाला माहीत असेलच. ग्रेडियंटला काटकोनात असलेली दिशा (-Fy, Fx) घ्यायची, तिची लांबी एक करायची आणि h इतकं पुढे जायचं. हा झाला प्रेडिक्टर. मग तिथे मिळालेल्या बिंदू p मधून F·∇F/|∇F|² वजा करत पुन्हा वक्रावर यायचं. हा करेक्टर. साध्या जागी ही जोडी फार गुणी असते. y² = x² + x³ हा वक्र घ्या, म्हणजे F = y² − x² − x³. (१, १.४१४२) पासून h = ०.१ ने निघालात तर प्रेडिक्टर (०.९५०८, १.३२७२) वर नेतो, तिथे F सुमारे −०.००२ असतो, आणि ०.०००४ हूनही लहान अशी एकच दुरुस्ती पुरते. (y ला x चं फलन मानून उभ्या रेषांवर मुळं शोधायचा सोपा मार्ग कुणी सुचवला तर हसून सोडून द्या. पहिल्या उभ्या स्पर्शरेषेपाशी तो संपतो.)

आता खरी जागा. हा वक्र आरंभबिंदूपाशी, म्हणजे (०, ०) पाशी, स्वतःलाच छेदतो. हाच त्याचा शाखाबिंदू. तिथे ∇F = 0, म्हणून स्पर्शदिशा ठरतच नाही. सगळे सांगतात की त्या बिंदूवर नेमके जाऊ नका. ते खरंच आहे, पण नेमकं त्या बिंदूवर जाणं जवळपास अशक्यच असतं. त्रास होतो तो बिंदू ओलांडल्यावर.

(०.०५, ०.०५१२) वर आहात असं धरा. तिथे (-Fy, Fx) म्हणजे (−०.१०२, −०.१०८), खाली-डावीकडे, हवी तीच दिशा. एक स्टेप आणि एक दुरुस्ती झाली की तुम्ही (−०.०२०१, −०.०१९९) वर येता. शाखाबिंदू मागे पडला, त्याच शाखेवर पुढे आलात, सगळं छान. आता तेच सूत्र इथे वापरा. (-Fy, Fx) येतं (०.०४०, ०.०३९). वर-उजवीकडे! पुढची स्टेप तुम्हाला (०.०५००, ०.०५१३) वर परत आणते, तिथून दिशा पुन्हा खाली-डावीकडे, आणि हा झोका चालूच राहतो. प्रत्येक बिंदू वक्रावर आहे, म्हणून कुठलीच चाचणी बोंब मारत नाही.

कारण नीट समजून घ्या, कारण उपाय त्यातूनच येतो. शाखाबिंदूजवळ F हा साधारण y² − x² सारखा आहे, म्हणजे ∇F साधारण (−2x, 2y). y = x या शाखेवरून आरंभबिंदू ओलांडला की x आणि y दोघांचंही चिन्ह बदलतं, म्हणून ∇F उलटा होतो आणि त्याला काटकोनात बांधलेली दिशाही उलटी होते. वक्र सरळच गेला, सूत्र फिरलं. म्हणून चिन्ह सूत्रावर सोपवू नका, +1 किंवा −1 असं ते s मध्ये वेगळं ठेवा आणि आधीच्या दिशेशी, म्हणजे t_old शी, ताडून पाहा:

```python
t = s * np.array([-Fy, Fx]) / np.hypot(Fx, Fy)
if t @ t_old < 0:
    s, t = -s, -t
    ulat.append((p_old, p))
```

पुष्कळ जण शेवटची ओळ लिहीत नाहीत. दिशा गुपचूप सुलटी करून पुढे निघतात. माझ्या मते हा आळस महागात पडतो. ∇F शून्य नसलेल्या अखंड वक्रावर (-Fy, Fx) कधीच अचानक उलटत नाही. म्हणून लहान स्टेपवर चिन्ह उलटलं तर दोनच शक्यता उरतात: तुम्ही खरा शाखाबिंदू ओलांडलात, किंवा शेजारच्या दुसऱ्या धाग्यावर उडी मारलीत.

हा फरक ओळखणं अवघड नाही, घाबरू नका. Fx = 0, Fy = 0 ही जोडी न्यूटनने सोडवा, सुरुवात p पासून. आपल्या उदाहरणात y एका फेरीत शून्य होतो आणि x −०.०२०१ वरून ०.०००६ वर, मग दहालक्षांशाच्या आत येतो. तिथे F किती ते पाहा. शून्य असेल तर शाखाबिंदू खरा. आता F मधून ०.०००१ वजा करा. आरंभबिंदूपाशी वक्राचे दोन धागे होतात, एक वर, एक खाली, मध्ये फक्त ०.०२ चं अंतर. तुमची ०.१ ची स्टेप वरच्या धाग्यावरून सरळ खालच्यावर पडते, चिन्ह उलटतं, डॉट प्रॉडक्टचा नियम ते सुलटं करतो, आणि तुम्ही भलत्याच धाग्यावरून आनंदाने पुढे जाता. इथे ∇F = 0 च्या बिंदूवर F = −०.०००१ येतो. तुमच्या टॉलरन्सपेक्षा तो कितीतरी मोठा आहे, म्हणजे शाखाबिंदू नाहीच. p_old आणि s मागे घ्या, h ०.०१ च्या आसपास आणा आणि वळण नीट घ्या.

‘अडलं की स्टेप लहान करा’ हा सल्ला मार्गदर्शक मंडळी कुठेही चिकटवतात. या दुसऱ्या परिस्थितीत तो अगदी बरोबर आहे. खऱ्या शाखाबिंदूपाशी मात्र तो घातक आहे. आपल्या वक्रावर शाखाबिंदूपासून r अंतरावर |∇F| साधारण 2r असतो. F ची टॉलरन्स 10⁻¹⁰ असेल आणि r 10⁻⁵ असेल, तर करेक्टर तुम्हाला वक्रापासून 5·10⁻⁶ दूर सोडूनही समाधानी होतो, म्हणजे r च्या निम्म्याइतकं. तिथून काढलेल्या दिशेला काही अर्थ नाही. दुरुस्त्यांकडे लक्ष ठेवा: प्रत्येक दुरुस्ती आधीच्या जवळपास निम्मी होत असेल तर करेक्टर शाखाबिंदूकडेच ओढला जातोय. तो बिंदू टाका, मागून थोडी मोठी स्टेप घ्या आणि वरून उडी मारा.

दुसरी शाखा हवी असेल तर सापडलेल्या शाखाबिंदूवर (u, v) या दिशेसाठी Fxx·u² + 2Fxy·uv + Fyy·v² = 0 सोडवा. इथे ते −2u² + 2v² = 0 होतं, म्हणून दिशा (1, 1) आणि (1, −1). पहिली तुमच्या ओळखीची. दुसरीवर दोन्ही बाजूंना ०.१ जाऊन करेक्टर चालवा, की नवी सुरुवात मिळते. s मात्र नव्याने ठरवा.

हे सगळं हेशियनचा डिटरमिनंट ऋण असतानाच चालतं. y² = x³ सारख्या टोकदार बिंदूवर तो शून्य असतो. ∇F = 0 शोधणारा न्यूटनही तिथे x दर फेरीला फक्त निम्मा करतो, त्यावरून ते ओळखू येतं. गंमत म्हणजे अशा ठिकाणी वक्र खरोखरच मागे वळतो, (-Fy, Fx) बरोबर असतं आणि डॉट प्रॉडक्टचा नियम चुकतो. तिथे नियम बंद करा आणि टोकाच्या दुसऱ्या बाजूचा बिंदू हाताने द्या.