मालकाचा हिस्सा भरतं कोण? पगारावरच्या वर्गणीचा हिशेब करताना या चुका टाळा

1 जानेवारी 2019 ला लिथुआनियात निवृत्तिवेतन, वैद्यकीय विमा अशा गोष्टींसाठी कामगाराच्या पगारातून कापल्या जाणाऱ्या सामाजिक सुरक्षा वर्गणीचा दर 9 टक्क्यांवरून 19.5 टक्क्यांवर गेला. त्याच दिवशी आयकराचा मूळ दर 15 चा 20 झाला. पगाराची स्लिप पाहिली तर कपात 24 टक्क्यांवरून 39.5 टक्क्यांवर पोचलेली. तरीही हातात पडणारा पगार घटला नाही, किंचित वाढलाच.

हे कसं झालं ते नीट समजलं, तर वर्गणी आणि आयकर यांच्या तुलनेत होणाऱ्या बहुतेक चुका आपोआप कळतात. म्हणून आधी हाच हिशेब मांडू.

2018 मध्ये कागदावरचा पगार 1000 युरो असलेला एक कामगार घेऊ. त्याच्या पगारातून 90 युरो वर्गणी आणि 150 युरो आयकर गेला. करमुक्त रकमेची सवलत दोन्ही वर्षांत बाजूला ठेवू, नाहीतर आकडे विनाकारण गुंतागुंतीचे होतील. हातात आले 760. पण मालकाचा खर्च 1000 नव्हता. तो वरून आणखी सुमारे 31 टक्के वर्गणी भरत होता, म्हणजे त्याला हा माणूस साधारण 1312 युरोंना पडत होता.

2019 मध्ये मालकाची जवळजवळ सगळी वर्गणी कामगाराच्या नावावर टाकली गेली. मालकाकडे उरले साधारण 1.8 टक्के. त्याच कायद्याने मालकांना कागदावरचा पगार 1.289 ने गुणायला लावलं. आता पगार 1289 युरो, त्यावर मालकाचे थोडे, एकूण खर्च पुन्हा 1312. कामगाराच्या स्लिपवर वर्गणी सुमारे 251, आयकर सुमारे 258, हातात 780.

मालकाच्या खिशातून गेले तेवढेच. कामगाराला मिळाले जवळपास तेवढेच. बदललं ते फक्त वर्गणी कोणाच्या रकान्यात लिहायची ते.

चूक पहिली: टक्के एकमेकांत मिळवणे

2018 च्या त्या कामगारावर एकूण बोजा किती होता? बरेच जण 31 अधिक 9 अधिक 15 करून 55 टक्के सांगतात. हे चूक आहे, कारण मालकाचे 31 टक्के कागदावरच्या पगारावर, पण त्याच्या वरून लागतात, तर बाकीचे दोन त्याच पगाराच्या आतून कापले जातात. खरा भागाकार असा: सरकारजमा झालेली रक्कम 312 अधिक 90 अधिक 150, म्हणजे 552. ती 1312 पैकी आहे. उत्तर 42 टक्के.

उलटी चूकही तितकीच होते. कोणी फक्त स्लिप पाहतो आणि 24 टक्के म्हणतो. त्याच्या मते 2019 ला बोजा 39.5 टक्के झाला, म्हणजे कर प्रचंड वाढला. प्रत्यक्षात मालकाच्या एकूण खर्चाशी तुलना केली तर तो 42 वरून साधारण 40.5 टक्क्यांवर आला, थोडा उतरला.

दोन देशांची किंवा दोन वर्षांची तुलना करताना खाली नेहमी मालकाचा एकूण खर्च ठेवा. कागदावरचा पगार हा मधला आकडा आहे आणि तो कुठे पडेल हे कायदा वर्गणी कशी वाटतो त्यावर ठरतं.

चूक दुसरी: आयकर मोठा, वर्गणी किरकोळ असं समजणे

आयकराला बहुतेक देशांत करमुक्त मर्यादा असते, वजावटी असतात, दर चढत जातो. वर्गणी अनेक ठिकाणी पहिल्या रुपया-युरोपासून लागते आणि तिला सहसा वजावटी नसतात. म्हणून कमी पगाराच्या माणसाचा आयकर शून्य आणि वर्गणी मात्र पूर्ण, असं सर्रास होतं. मालकाचा हिस्सा धरला तर बऱ्याच कामगारांच्या बाबतीत वर्गणीच मोठी ठरते.

वरच्या टोकाला गोष्ट उलटते. अमेरिकेत निवृत्तिवेतनाची वर्गणी कामगार 6.2 टक्के आणि मालक 6.2 टक्के भरतो, पण ती एका ठरावीक पगारापर्यंतच. 2024 मध्ये ही मर्यादा वर्षाला 168,600 डॉलर होती. त्यापुढच्या डॉलरवर ही वर्गणी थांबते. वैद्यकीय विम्याचे 1.45 टक्के मात्र दोघांकडून चालूच राहतात. शिवाय ही वर्गणी पगारावर आहे. भाडं, व्याज, लाभांश यांतून तिला काही मिळत नाही, आयकराला मिळतं.

चूक तिसरी: ‘सगळं शेवटी कामगारच भरतो’ हे ठाम सूत्र मानणे

पाठ्यपुस्तकातला युक्तिवाद असा. मालक माणूस ठेवताना एकूण खर्च बघतो, कामगार हातात काय येतं ते बघतो. मधली रक्कम कोणाच्या नावावर आहे याने दोघांनाही फरक पडू नये. आणि लोक कमी पगारालाही काम सोडत नसतील, तर बोजा बराचसा त्यांच्यावर उतरतो: आज पगार कापून नाही, तर पुढची काही वर्षं वाढ कमी देऊन. युक्तिवाद पटतो, आणि चिलीतून त्याला चांगला पुरावाही मिळाला. 1981 च्या निवृत्तिवेतन सुधारणेत तिथे मालकांची वर्गणी खूप घटली. अर्थतज्ज्ञ जोनाथन ग्रुबर यांनी कारखान्यांची आकडेवारी तपासली, 1997 मध्ये निष्कर्ष छापला: वाचलेली रक्कम जवळपास सगळी पगारवाढीत गेली, नोकऱ्यांच्या संख्येवर परिणाम दिसला नाही.

अनेक जण इथेच पुस्तक मिटतात. मला ती घाई वाटते, कारण पुढचे पुरावे वेगळं सांगतात.

ग्रीसमध्ये 1993 पासून पहिल्यांदा कामाला लागलेल्यांसाठी वर्गणीची वरची मर्यादा बरीच उंच केली गेली. त्यामुळे एकाच पगाराच्या दोन माणसांपैकी एकावर जास्त वर्गणी, दुसऱ्यावर कमी, फरक फक्त कामाला लागल्याच्या तारखेचा. वाढलेला मालकाचा हिस्सा नव्यांच्या पगारातून वजा झाला असेल, असं कोणालाही वाटेल. तसं झालं नाही. कायद्याने मालकाच्या नावावर टाकलेलं मालकानेच सोसलं, कामगाराच्या नावावरचं कामगाराने.

स्वीडनने 2007 पासून तरुण कामगारांसाठी मालकाची वर्गणी कमी केली, 2009 मध्ये तर ती नेहमीच्या 31 टक्क्यांच्या साधारण निम्म्यावर आणली. तरुणांचा पगार त्यांच्यापेक्षा थोड्या मोठ्या सहकाऱ्यांच्या तुलनेत वाढला नाही. वाढल्या त्या तरुणांच्या नोकऱ्या. ज्या कंपन्यांत तरुण जास्त होते त्या वाढल्या, आणि त्यांनी पगार वाढवले तेव्हा सगळ्यांचेच वाढवले. कारण सरळ आहे: एकाच टेबलावर तेच काम करणाऱ्या दोघांना वयावरून वेगळा पगार देणं मालकाला अवघड जातं.

म्हणजे वर्गणी सगळ्यांवर सारखी बदलली, जशी चिलीत, तर ती पगारात मुरू शकते. एकाच कंपनीतल्या काही जणांपुरती बदलली तर पगारात मुरत नाही, नफ्यात किंवा नोकऱ्यांच्या संख्येत दिसते.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची: वर्गणीच्या बदल्यात काय मिळतं? जास्त भरल्यावर निवृत्तिवेतन जास्त मिळणार असेल, तर कामगार तिला पगाराचाच भाग मानतो आणि हातातला पगार थोडा कमी झाला तरी चालवून घेतो. फ्रान्समधल्या वर्गणीवाढींच्या अभ्यासात हेच दिसलं. लाभाशी थेट जोडलेली वर्गणी बरीचशी कामगारांवर उतरली, लाभाशी न जोडलेली मालकांकडेच राहिली. आयकराच्या बाबतीत हा प्रश्नच येत नाही, कारण जास्त आयकर भरला म्हणून कोणाचं निवृत्तिवेतन वाढत नाही. वर्गणीला ‘आणखी एक कर’ म्हणणारे हा भाग विसरतात.

चूक चौथी: काळ आणि किमान वेतन न बघणे

कायदा बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी पगाराचे करार तेच असतात. अमेरिकेने 2011 आणि 2012 साठी कामगाराचा हिस्सा 6.2 वरून 4.2 टक्के केला, तेव्हा फायदा लगेच कामगारांच्या हातात दिसला. जानेवारी 2013 मध्ये सवलत संपली तसा हातातला पगार लगेच घटला. तेच 2 टक्के मालकाच्या हिश्श्यातून कमी केले असते तर त्या महिन्याच्या स्लिपवर काहीच दिसलं नसतं. त्यामुळे ‘नाव कोणाचं याने फरक पडत नाही’ हे विधान लांब पल्ल्याचं आहे. लिथुआनियाच्या कायद्यात 1.289 हा आकडा लिहावा लागला तो याचसाठी. तो नसता तर त्या जानेवारीत कामगाराच्या हातात 1000 पैकी 605 युरोच आले असते.

किमान वेतनावरच्या माणसाचा पगार आणखी खाली जाऊच शकत नाही. त्याच्या बाबतीत मालकाचा हिस्सा वाढला तर तो पगारात मुरायला जागाच नसते. तिथे पगाराचे आकडे पाहून काही कळणार नाही. कामाचे तास, नवी भरती आणि बिनकागदी काम यांत काय बदललं ते पाहावं लागतं.

चूक पाचवी: नोकरी आणि स्वतंत्र काम यांची तुलना कागदावरच्या पगारावर करणे

ही चूक थेट खिशाला लागते. अमेरिकेतलाच दर घेऊ. नोकरदाराचा पगार 100, दोन्ही वर्गण्या मिळून त्याचे 7.65 कापले जातात, आयकराआधी उरतात 92.35. मालकाला तो 107.65 ला पडतो.

आता हाच माणूस स्वतंत्रपणे काम करायला लागला आणि त्याने बिल लावलं 100. दोन्ही हिस्से त्याचेच, 15.3 टक्के. पण ही टक्केवारी सगळ्या 100 वर लागत नाही, 92.35 वर लागते, कारण नोकरदाराच्या बाबतीतही वर्गणी मालकाचा हिस्सा सोडून उरलेल्या रकमेवरच असते. वर्गणी होते 14.13, उरतात 85.87. नोकरीपेक्षा साडेसहा कमी, आणि सुट्ट्या-विमा अजून मोजलेलेच नाहीत.

बिल 107.65 चं लावलं तर वर्गणी 15.21 आणि उरलेले 92.44, म्हणजे नोकरीइतकेच. आयकराचंही जुळतं: स्वतंत्र काम करणाऱ्याला वर्गणीचा अर्धा भाग, इथे 7.6, करपात्र उत्पन्नातून वजा करता येतो. करपात्र रक्कम उरते 100 च्या आसपास, नोकरदाराची होती तेवढीच. पगार वार्षिक मर्यादेच्या वर गेला की मात्र हे गुणोत्तर बदलतं. तिथे 107.65 हा आकडा वापरू नका, मर्यादेपर्यंतचा आणि त्यावरचा भाग वेगवेगळा मोजा.