परदेशी ईटीएफ घेताना या चुका टाळा

आंब्याचे पैसे हातात आले तसे पावसच्या आमच्या भावोजींनी अमेरिकेच्या नॅसडॅक १०० निर्देशांकाचा एक ईटीएफ, म्हणजे शेअरसारखा बाजारात विकला जाणारा फंड, घेतला. १,००० युनिट, ११२ रुपयांनी. काही महिन्यांनी फोन आला, "अरे, तिकडचा बाजार वर गेला म्हणतात, मग माझेच पैसे कमी कसे?"

"भावोजी, घेताना एनएव्ही किती होती?"

"ती कशाला बघायची? भाव मोबाईलवर दिसतोच की!"

घोळ इथेच होता. त्या दिवशी युनिटमागे आत माल होता १०० रुपयांचा, तीच एनएव्ही. वरचे १२ रुपये नुसत्या मागणीचे. पुढे एनएव्ही १०६ झाली, पण मागणी ओसरली, फरक २ टक्क्यांवर आला आणि भाव राहिला १०८ रुपये १२ पैसे. १,१२,००० चे १,०८,१२० झाले.

एरवी असा फरक टिकत नाही. वाशीला हापूसची पेटी महाग झाली की रत्नागिरीतून गाड्या सुटतात आणि भाव खाली येतो. ईटीएफमध्ये ही गाडी मार्केट मेकर, म्हणजे युनिटची सतत खरेदी-विक्री करणारा मोठा व्यापारी, हाकतो. समजा ५०,००० युनिटचा गठ्ठा आहे, एनएव्ही १०० आणि बाजारभाव १०० रुपये ८० पैसे. तो ५० लाखांचे शेअर किंवा तेवढी रोकड फंड कंपनीला देतो, नवे युनिट घेतो आणि बाजारात विकतो. हातात ४०,००० उरतात, त्यातून खर्च. फरक खर्चाइतका होईपर्यंत तो विकत राहतो. भाव एनएव्हीच्या खाली गेला तर उलटा प्रवास: स्वस्त युनिट गोळा करायचे, कंपनीला परत द्यायचे.

परदेशी ईटीएफला मात्र घाट बंद होतो, तोही एकाच बाजूने. रिझर्व्ह बँकेने म्युच्युअल फंडांना परदेशी गुंतवणुकीसाठी एकूण ७ अब्ज डॉलरची आणि परदेशी ईटीएफमध्ये गुंतवायला वेगळी १ अब्ज डॉलरची मर्यादा घातली आहे. ती भरत आली की कंपनी नवे युनिट काढणं थांबवते. परत घेणं चालू असतं, त्यामुळे भाव फार खाली पडत नाही. वर जायला मात्र अडवणारं कोणी उरत नाही.

थोडा वेळ येणारा फरक आणि टिकून राहणारा फरक, दोन्ही ओळखणं सोपं आहे. निफ्टीच्या ईटीएफमध्ये सकाळी सव्वानऊला भाव उडालेला दिसला तर थोडं थांबा, बहुतेकदा तो जागेवर येतो. तोवर मिळेल त्या भावाची मार्केट ऑर्डर नको, आपला भाव ठरवून लिमिट लावा. फरक आठवडेच्या आठवडे तसाच असेल तर नवे युनिट बंद आहेत असं समजा.

कंपनीच्या संकेतस्थळावर आयएनएव्ही, म्हणजे बाजार चालू असतानाची अंदाजे एनएव्ही, दिसते, भाव तिच्याशी ताडून बघा. परदेशी ईटीएफमध्ये मात्र एक मेख आहे: आपला बाजार चालू असताना अमेरिकेचा बंद असतो. रात्री काय होईल याचा अंदाज भावात आधीच शिरतो, म्हणून एखाद टक्क्याचा फरक खराही असू शकतो. १२ टक्क्यांचा नाही.

"मग आता विकू?" भावोजींनी विचारलं. म्हटलं, विकायचंच असेल तर हे २ टक्के गेलेच म्हणून रडू नका, ते आता समोरचा तुम्हाला देणार आहे.