तिसऱ्यांतलं कॅडमियम: स्टँडर्ड अ‍ॅडिशनचा अहवाल लिहायला बसण्याआधी

पहिल्यांदा ब्लँकचे आकडे शोधून समोर ठेवा. बाकी सगळं नंतर. गेल्या खेपेच्या अहवालात आलेख होता, उतार होता, आर-स्क्वेअर चार दशांशांपर्यंत होता, फक्त ब्लँकची ओळ नव्हती. तेवढ्यासाठी निकाल परत घेऊन दुरुस्त करावा लागला. म्हणून ही यादी.

मग स्टँडर्ड अ‍ॅडिशन का केलं, ते लिहायची तयारी करा. "मॅट्रिक्सचा परिणाम असल्यामुळे" एवढं लिहून भागत नाही; कोणता मॅट्रिक्स आणि कसला परिणाम, ते सांगा. खाडीतल्या तिसरीच्या मांसात आणि शिंपल्यातल्या पाण्यात मीठ असतं. हे मीठ म्हणजे क्लोराइड ग्राफाइट फर्नेसमध्ये कॅडमियमच्या आड येतं: कॅडमियमचा काही भाग मोजणीच्या टप्प्याआधीच उडून जातो, काही क्लोराइडच्या रूपात वाफेत अडकतो आणि सुटे अणू कमी मिळतात. म्हणून तेवढ्याच कॅडमियमला लहान पीक येतं. पॅलेडियम-मॅग्नेशियमचा मॉडिफायर घातल्याने हे कमी होतं, पण पूर्ण जाईलच असं नाही. मग नमुन्यासारखं खारट स्टँडर्ड बनवून का भागवलं नाही, असा प्रश्न वाचणारा विचारणारच. त्याचं उत्तर आपल्या खाडीतच आहे. मे महिन्यात भाट्याच्या खाडीचं पाणी खारं, पावसाळ्यात काजळी नदीचं गोडं पाणी उतरलं की तीच खाडी मचूळ. नमुन्यागणिक मीठ बदलतं, तेव्हा एकच खारट स्टँडर्ड सगळ्यांना लागू पडत नाही. प्रत्येक नमुना स्वतःच स्वतःचं स्टँडर्ड होतो, तो याच कारणासाठी. मांस निथळून घेतलं की शिंपल्यातल्या पाण्यासकट वाटलं, हेही एका वाक्यात लिहा. मिठाचं प्रमाण त्यावरच ठरतं.

नमुना फोडणं, रेती काढणं, वाटणं, वजन करणं हे ज्याला यायचं त्याला येतं. सुरी स्टीलची नको, प्लॅस्टिकची किंवा सिरॅमिकची. पुढे.

आकारमानं मात्र नीट लिहा, कारण शेवटचं गणित त्यांच्यावर उभं असतं. खालचे आकडे समजावण्यापुरते घेतलेले आहेत. कुठल्या खाडीच्या नमुन्याचे नाहीत. १.०० ग्रॅम ओलं मांस, ८ मिली नायट्रिक आम्ल आणि २ मिली हायड्रोजन पेरॉक्साइड घालून मायक्रोवेव्हमध्ये विरघळवलं, थंड करून ५० मिली केलं. त्यातले ५-५ मिली चार २५ मिलीच्या फ्लास्कमध्ये. लिटरमागे ५० मायक्रोग्रॅमचं कॅडमियम स्टँडर्ड त्या चार फ्लास्कमध्ये अनुक्रमे ०, ०.२५, ०.५० आणि ०.७५ मिली. मग चारही फ्लास्क पातळ आम्लाने २५ मिलीच्या खुणेपर्यंत. म्हणजे भर झाली ०, ०.५, १.० आणि १.५ मायक्रोग्रॅम प्रति लिटर. खुणेपर्यंत भरणं चुकवू नका. नुसतं स्टँडर्ड घालून तसंच मोजलं तर प्रत्येक फ्लास्कमध्ये मीठ वेगळ्या प्रमाणात पातळ होतं आणि चार बिंदू चार वेगळ्या मॅट्रिक्सचे होतात. रेषा तरीही सरळ दिसू शकते, म्हणून ही चूक आलेखावरून पकडता येत नाही. भर किती ठेवायची, यासाठी आधी एक ढोबळ मोजणी करा: पहिली भर नमुन्याच्या निम्म्याच्या आसपास, शेवटची सव्वा ते दीडपट, आणि सर्वांत वरचा बिंदू उपकरणाच्या सरळ रेषेच्या हद्दीत. वर रेषा वाकली तर अंदाज चुकतो, कारण उत्तर रेषा मागे वाढवून काढायचं असतं.

आता ब्लँक. ब्लँक म्हणजे उपकरण शून्यावर आणायला वापरलेलं आम्ल नव्हे. "ब्लँक घेतला आहे" असं म्हणताना बहुतेकांच्या मनात तेच असतं आणि गोंधळ तिथेच होतो. इथे हवा तो डायजेशन ब्लँक: मांस सोडून सगळं तेच. तेच ८ आणि २ मिली, त्याच बॅचमधलं भांडं, त्याच फेरीत मायक्रोवेव्ह, तेच ५० मिली, त्यातले तेच ५ मिली २५ मध्ये, त्याच पिपेटने, त्याच टिपेने. टिपेचं मुद्दाम सांगतो, कारण पिवळ्या रंगाच्या टिपांच्या रंगद्रव्यात कॅडमियम असू शकतं आणि आम्लात ते उतरतं. बिनरंगी टिपा वापरा, आम्लाने धुऊन घ्या, आणि ब्लँकलाही त्याच लावा. किमान तीन ब्लँक, वेगवेगळ्या भांड्यांत. तिघांत एक फार वर गेला तर सरासरी काढून पुढे जाऊ नका, ते भांडं शोधा.

इतका आग्रह का, ते आकड्यांवरून दिसतं. चार फ्लास्कची शोषणाची मूल्यं, म्हणजे पीकची क्षेत्रफळं, अशी धरा: ०.०७२, ०.१०३, ०.१३१, ०.१६२. त्यांतून जाणाऱ्या रेषेचा उतार ०.०५९६ आणि उभ्या अक्षावरचा छेद ०.०७२३. छेदाला उताराने भागलं की १.२१ मायक्रोग्रॅम प्रति लिटर. नुसत्या आम्लातल्या स्टँडर्डचा उतार त्याच दिवशी ०.०८० आला. दोन उतारांचं गुणोत्तर साधारण ०.७५, म्हणजे मॅट्रिक्सने संकेत २५ टक्के दाबला. मॅट्रिक्सचा परिणाम होता याचा पुरावा म्हणजे हे गुणोत्तर. ते अहवालात आकड्यात द्या. दोन्ही उतार एकाच दिवसाचे, एकाच ट्यूबचे असावेत. ग्राफाइट ट्यूब झिजते, आणि झिजेमुळे बदललेला उतार मॅट्रिक्सच्या नावावर मांडला जातो.

पण हे १.२१ नमुन्यातलं कॅडमियम नाही. त्यात आम्लातलं, भांड्यातलं, टिपेतलं सगळं आलं. स्टँडर्ड अ‍ॅडिशन उतार दुरुस्त करतं. रेषा मुळातच वर सरकली असेल तर तिला खाली आणत नाही. अहवालात हे वाक्य नसेल तर वाचणाऱ्याला वाटतं की या पद्धतीने सगळेच दोष गेले. ब्लँकचं शोषण ०.०१२ आलं असेल तर त्यात मीठ नसल्याने त्याला आम्लातल्या स्टँडर्डचा उतार लावायचा: ०.०१२ भागिले ०.०८०, म्हणजे ०.१५ मायक्रोग्रॅम प्रति लिटर. आता वजाबाकी: १.२१ उणे ०.१५ बरोबर १.०६.

इथे एक खोच आहे. शोषणातून शोषण वजा करू नका. ०.०७२३ मधून थेट ०.०१२ काढून ०.०५९६ ने भागलं तर १.०१ येतं, आणि ते चूक आहे. आम्लातून आलेलं कॅडमियम नमुन्याच्या फ्लास्कमध्येही मिठाने दाबलं जातं. तिथे त्याचा संकेत ०.०१२ नसून ०.००९ च्या आसपास असतो. म्हणून आधी दोन्हींची तीव्रता काढा, मग वजा करा.

पुढचं गणित सरळ आहे. १.०६ गुणिले २५ मिली म्हणजे २६.५ नॅनोग्रॅम, हे ५ मिलीत. ५० मिलीत २६५ नॅनोग्रॅम. ते १.०० ग्रॅम मांसातलं, म्हणून ०.२७ मिलिग्रॅम प्रति किलो, ओल्या वजनावर. ब्लँक विसरलात तर हाच आकडा ०.३० होतो. नुसत्या आम्लातल्या स्टँडर्डवरून वाचलात तर ब्लँक वजा करूनही ०.१९. तिन्ही आकडे अहवालात शेजारी शेजारी ठेवा; पद्धतीने काय केलं आणि ब्लँकने काय केलं ते वेगळं दिसतं. युरोपीय संघाची शिंपल्यांसाठीची मर्यादा १.० मिलिग्रॅम प्रति किलो आहे, तिच्यापासून हे दूर आहे. पण निकाल मर्यादेच्या काठावर असता तर एवढ्याच फरकाने माल अडकला किंवा सुटला असता.

अनिश्चितता द्या, आणि ती नेहमीच्या कॅलिब्रेशनची नको. रेषेच्या बाहेर जाऊन उत्तर काढलं की चूक वाढते. वरच्या चार बिंदूंची प्रमाण चूक ०.०२९ येते, चार बिंदू म्हणजे डिग्रीज ऑफ फ्रीडम दोनच, त्यामुळे ९५ टक्क्यांसाठी गुणक ४.३०, आणि १.२१ ला अधिक-उणे ०.१३ लागतं. रेषा दिसायला इतकी सुरेख असूनही दहा टक्के. आर-स्क्वेअर दाखवून हे झाकू नका. सहा बिंदू घेतले तर फायदा होतो, तेवढा वेळ काढावा. ब्लँकचा स्वतःचा विखुरही यात मिळवायचा.

भर डायजेशननंतर घातली, हे लिहा. तशी घातली तर मांस नीट विरघळलं नाही किंवा भांड्यातून वाफ निसटली, ते या पद्धतीला कळत नाही. त्यासाठी प्रमाणित संदर्भ द्रव्य त्याच फेरीत चालवा आणि त्याचा निकाल वेगळा द्या.

पार्श्वभूमी दुरुस्ती कोणती, झीमन की ड्यूटेरियम, ते लिहा. मिठाच्या धुराचा संकेतही रेषा वर सरकवतो आणि ब्लँकमध्ये मीठ नसल्याने तिथे तो सापडत नाही. आयसीपी-ओईएस वापरत असाल तर २२८.८०२ नॅनोमीटरच्या कॅडमियम रेषेला आर्सेनिकची २२८.८१२ ची रेषा चिकटलेली असते, आणि शिंपल्यात आर्सेनिक असतंच. दुसरी रेषा निवडा. स्टँडर्ड अ‍ॅडिशनने ते जाणार नाही.

बाकी थोडक्यात. आलेखात आडवा अक्ष ऋण बाजूला वाढवलेला हवा, छेद दिसला पाहिजे. तक्त्यात प्रत्येक बिंदूची पुनर्मोजणी. आकडे दोन सार्थ अंकांत. वजन ओलं की सुकं, प्रत्येक आकड्याशेजारी. ट्यूबचा क्रमांक, तारीख, सही.

आणि अहवालात ही ओळ जशीच्या तशी घाला, आकडा तेवढा तुमच्या ब्लँकचा: "तीन डायजेशन ब्लँकची सरासरी तीव्रता ०.१५ मायक्रोग्रॅम प्रति लिटर. ती स्टँडर्ड अ‍ॅडिशनने मिळालेल्या तीव्रतेतून वजा केली आहे." पाठवण्याआधी ती ओळ बोट ठेवून वाचा. ती सापडली नाही तर पाठवू नका.