पैसे परीक्षेपर्यंत नाही, निकालापर्यंत पुरायला हवेत

नोकरी सोडून इंदूरला भंवरकुआँत खोली घेणारी मुलं हिशेब करतात तो पूर्वपरीक्षेच्या तारखेपर्यंतचा. तिथेच गाडी अडते. एमपीपीएससीची, म्हणजे मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाची, पूर्वपरीक्षा एका दिवसात संपते. मग तिचा निकाल, मग मुख्य परीक्षा, मग तिचा निकाल, मग मुलाखत, मग अंतिम निकाल. या प्रत्येक टप्प्याआधी थांबायचे महिने असतात आणि त्या महिन्यांतही भाडं चालूच असतं. 2019 च्या परीक्षेचंच बघा. पूर्व झाली जानेवारी 2020 मध्ये आणि अंतिम निकाल लागला डिसेंबर 2023 मध्ये. मधे आरक्षणाचा वाद कोर्टात होता. दरवेळी इतकं लांबत नाही, पण तारीख आपल्या हातात नाही हे धरूनच चला.

म्हणून सगळ्यात पहिलं काम म्हणजे थांबण्याचे पैसे बाजूला काढणं. क्लासची फी, खोलीचा डिपॉझिट, पुस्तकं हे सगळं त्याच्यानंतर. उरले तर काढू म्हणाल तर उरणार नाहीत.

आकडे घेऊन बघू. समजा, हातात 4,00,000 रुपये आहेत आणि महिन्याचा खर्च 14,000: खोली 5,500, टिफिन 3,500, लायब्ररीतली जागा 1,000, वीज आणि मोबाइल 1,200, बाकी किरकोळ 2,800. भागाकार केला की 28 महिने दिसतात आणि माणूस निर्धास्त होतो. आता क्लासचे 70,000 वजा करा. दोन वर्षांच्या आरोग्य विम्याचे 18,000, पुस्तकं, टेस्ट सिरीज आणि फॉर्म मिळून 24,000. राहिले 2,88,000. यातून थांबण्याचे काढा. मुख्य परीक्षेनंतर खोली सोडून घरी राहिलात तर महिना 8,000 मध्ये भागेल असं धरू. निकालाची वाट बघण्याचे सहा महिने आणि नाव नाही आलं तर नोकरी शोधण्याचे तीन, म्हणजे नऊ महिन्यांचे 72,000. आता उरले 2,16,000. म्हणजे खोली घेऊन अभ्यास करायला पंधरा महिने, आणि वर 6,000. अठ्ठावीसचे पंधरा झाले. पूर्वपरीक्षा दहा महिन्यांवर असेल तर तिच्यानंतर हातात पाचच महिने राहतात आणि त्यात मुख्य परीक्षाही बसवायची आहे. हे गणित खोली घ्यायच्या आधी कागदावर मांडा. जमत नसेल तर राजीनामा तीन-चार महिने पुढे ढकला. नोकरीत राहून पायाभूत पुस्तकं वाचून होतात.

ते 72,000 वेगळ्या बँकेत मुदत ठेवीत घाला आणि त्या बँकेचं अॅप मोबाइलवर ठेवू नका. कट्ट्यावर पोहे खाताना चार क्लिकमध्ये ठेव मोडता येत असेल तर ती मोडली जाणारच. बाकीच्या पैशांतले 42,000, म्हणजे तीन महिन्यांचे, आणि वरचे 6,000 बचत खात्यात राहू द्या. उरलेल्या 1,68,000 च्या 42,000 च्या चार ठेवी करा: तीन, सहा, नऊ आणि बारा महिन्यांच्या. दर तिमाहीला एक पिकते आणि पुढचे तीन महिने चालतात. सगळ्याची एकच मोठी ठेव केली तर अडचणीत पूर्ण मोडावी लागते, आणि मुदतीआधी मोडल्यावर बँका बहुधा व्याजात अर्धा-एक टक्का कापतात. शेअर, फंड वगैरे आत्ता नको. पैसे लागतील त्याच महिन्यात बाजार खाली असला तर काय करणार?

पगाराचं खातं. पगार यायचा थांबला की काही महिन्यांनी बँक ते साधं बचत खातं करते, मग बऱ्याच बँकांत किमान शिल्लक ठेवावी लागते आणि ती नसली की दंड कापत राहतात. राजीनाम्याच्या आठवड्यातच शाखेत जाऊन शून्य शिलकीचं करून घ्या. क्रेडिट कार्ड बंद करा, हप्ते असतील तर आधी फेडा.

कंपनीचा आरोग्य विमा बहुतेक ठिकाणी नोकरीच्या शेवटच्या दिवशीच संपतो. स्वतःचा विमा नोकरी चालू असतानाच घ्या, कारण नव्या पॉलिसीत पहिले तीस दिवस अपघात सोडून आजारपणाचा दावा चालत नाही. डेंग्यू झाला, चार दिवस ॲडमिट राहिलात, तर बिल थेट त्या 72,000 वर येतं. थांबण्याच्या पैशांना पहिलं भोक बहुतेक दवाखान्यानेच पडतं.

क्लासची फी एकरकमी भरू नका, सूट दाखवली तरी. दुसऱ्या महिन्यात शिकवणारे सर बदलले किंवा बॅच दुसऱ्या बॅचमध्ये मिसळली की परतावा मागणं हे वेगळंच काम होऊन बसतं. केंद्राच्या जानेवारी 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत उरलेल्या काळाची फी परत द्यावी असं म्हटलंय, पण काउंटरवरचा माणूस पावतीमागच्या अटी दाखवतो. त्या अटी आधीच वाचा. ‘बिनव्याजी हप्ते’ म्हणतील तेव्हा विचारा की हप्ता क्लासला जातो की फायनान्स कंपनीला. कंपनीला जात असेल तर ते तुमच्या नावावरचं कर्ज आहे. क्लास सोडला तरी हप्ता सुटत नाही, आणि चुकला तर क्रेडिट स्कोअर तुमचा बिघडतो.

खोली बघताना विजेचा दर युनिटला किती लावतात ते विचारा. सबमीटरवाले घरमालक बऱ्याचदा बिलापेक्षा जास्त लावतात, आणि एप्रिल-मेमध्ये कूलर चालतो. डिपॉझिट किती दिवसांत परत आणि किती दिवसांची नोटीस, हे लिहून घ्या. मुख्य परीक्षेनंतर खोली सोडायची आहे, नाहीतर महिना 8,000 चं गणित कोसळतं. टिफिनवाल्या काकूंना सुट्टीचे दिवस वजा होतात का तेही विचारा. दिवाळीत आठवडाभर घरी गेलात तर फरक पडतो. रामबाग किंवा लोकमान्य नगरला मावशी-आत्या राहत असेल तर संकोच सोडून विचारा. तीन महिने तिथे राहिलात तरी भाड्याचे 16,500 वाचतात. फक्त जेवणाचे पैसे द्या, नाहीतर दुसऱ्या महिन्यात दोन्हीकडून कुरबुर सुरू होते.

महिन्याच्या एक तारखेला 14,000 दुसऱ्या खात्यात वळवा आणि यूपीआय त्याच खात्याला जोडा. संपले की संपले. पुढच्या महिन्यातले उचलायचे नाहीत, 72,000 मधले तर नाहीच.

घरच्यांशी एकदाच बोलून आकडा ठरवा: अभ्यासाची शिल्लक 28,000 वर आली आणि मुख्य परीक्षेची तारीख लागलेली नसेल, तर खोली सोडून घरून अभ्यास, जोडीला शिकवण्या. आता ठरवलं नाही तर त्या दिवशी ‘अजून दोन महिने’ म्हणाल आणि ते दोन महिने थांबण्याच्या ठेवीतून जातील.

फॉर्म शेवटच्या तारखेच्या आधी आणि नीट तपासून भरा, दुरुस्तीचे पैसे वेगळे पडतात. मुख्य परीक्षा सहा दिवसांची, केंद्र दुसऱ्या शहरात आलं तर तेवढ्या रात्रींची राहण्याची सोय. मुलाखतीचे कपडे, फोटो, प्रमाणपत्रांच्या प्रती मिळून पाच-सहा हजार, ते वर उरलेल्या 6,000 मधून. निवड झाली तरी नियुक्तिपत्र येईपर्यंत आणि पहिला पगार जमा होईपर्यंत पुन्हा थांबणं आहेच. ठेव तोवर मोडू नका.