नोकरी एक, खाती अनेक: बदली, डेप्युटेशन आणि दोन साहेब बायोडेटात कसे मांडावेत

एकाच कंपनीत राहून खाती बदलत गेलेल्या माणसाचा बायोडेटा बहुधा दोनपैकी एका बाजूला झुकतो. एक तर दहा वर्षे शेवटच्या पदनामात गुंडाळली जातात, नाहीतर प्रत्येक बदली वेगळी नोकरी असल्यासारखी लिहिली जाते. मग वरवर वाचणाऱ्याला वाटते, ही बाई दर दोन-तीन वर्षांनी नोकरी सोडते.

इंदूरच्या रामबागेत राहणारी आणि पीथमपूरच्या औषध कारखान्यात काम करणारी एक केमिस्ट डोळ्यांसमोर ठेवू. सुरुवात क्यूसीच्या प्रयोगशाळेत, मग क्यूएमध्ये बदली, मध्ये एक वर्ष बद्दीला डेप्युटेशन आणि आता दोन साहेब.

आधी कागद जमवा. बदलीचे आदेश, डेप्युटेशनचे पत्र, अप्रेझलचे कागद आणि पीएफचे पासबुक समोर ठेवूनच महिने लिहा. आठवणीतले महिने हमखास सरकतात. नवी कंपनी चौकशी करते तेव्हा मुख्यतः कंपनीचे नाव, नोकरीच्या तारखा आणि शेवटचे पदनाम पडताळते. या तीन गोष्टी कागदाशी तंतोतंत जुळायला हव्यात.

मग कंपनीचे नाव एकदाच लिहून त्यासमोर पूर्ण कालावधी द्या आणि खाली पदे उलट्या क्रमाने मांडा. प्रत्यक्षात हे इंग्रजीत जाईल, पण मांडणी अशी:

कंपनीचे नाव, पीथमपूर – जुलै 2015 ते आजपर्यंत
सीनियर एक्झिक्युटिव्ह, क्यूए – एप्रिल 2022 पासून
एक्झिक्युटिव्ह, क्यूए – एप्रिल 2018 ते मार्च 2022 (क्यूसीतून बढतीसह बदली)
• सप्टेंबर 2020 ते ऑगस्ट 2021: समूहाच्या बद्दी कारखान्यात डेप्युटेशन, नव्या लाइनची व्हॅलिडेशनची कागदपत्रे तयार केली, काम संपल्यावर मूळ जागी परत
केमिस्ट, क्यूसी – जुलै 2015 ते मार्च 2018

बदलीचे कारण अर्ध्या ओळीत पुरते. बढती मिळाली असेल तर तसे लिहा. त्याच पातळीवर खाते बदलले असेल तर ‘बदली’ एवढेच लिहा. बढतीचा आव आणला तर जुन्या पत्रातले पदनाम समोर येते आणि बाकीच्या ओळींवरचाही विश्वास उडतो.

डेप्युटेशनमध्ये जास्त गोंधळ होतो. आपल्या केमिस्टला त्या वर्षी पगार पीथमपूरच्याच कंपनीने दिला, पीएफही तिथेच जमा झाला आणि क्यूएतले तिचे पद कायम राहिले. म्हणून बद्दीची ओळ क्यूएच्या पोटात येते आणि क्यूएच्या तारखा मध्येच तुटत नाहीत. बद्दीचा कारखाना वेगळी नोकरी म्हणून लिहिला, तर चौकशीत त्या कंपनीकडे तिची नोंदच सापडणार नाही आणि अहवालात तफावत म्हणून शेरा पडेल.

कधी कधी मात्र ‘बदली’ म्हणत माणसाला समूहातल्या दुसऱ्या कंपनीच्या पटावर घेतात. हे ओळखायला पासबुक पाहा: यूएएन तोच, पण मेंबर आयडी नवा आणि त्यापुढे दुसऱ्या आस्थापनेचे नाव. फॉर्म 16 वरही मालक म्हणून नवे नाव येते. असे झाले असेल तर दोन्ही कंपन्या वेगळ्या लिहा आणि दुसरीच्या खाली ‘समूहांतर्गत बदली, सेवेत खंड नाही’ अशी ओळ टाका. खंड नसल्याचे पत्रात असेल तरच.

आता दोन साहेबांचे. अप्रेझल कोण लिहितो आणि रजा कोण मंजूर करतो, ते पाहा. तो थेट साहेब. दुसरा कामाच्या ठरावीक भागापुरता विचारतो. कारखान्यात त्याला ‘डॉटेड लाइन’ म्हणतात. बायोडेटात ‘मॅट्रिक्स रिपोर्टिंग’ एवढेच लिहून काही कळत नाही. असे लिहा: ‘कारखान्याच्या क्वालिटी हेडना थेट रिपोर्टिंग, व्हेंडर ऑडिटपुरते मुंबईच्या कॉर्पोरेट ऑडिट प्रमुखांना डॉटेड लाइन.’ कोणते काम कोणासाठी, हे त्यात आले.

हाताखालच्या माणसांचेही असेच. आपली केमिस्ट तिघांचे अप्रेझल लिहिते. ऑडिटला उत्पादन आणि स्टोअर्समधले पाच जण तिच्या सांगण्याने काम करतात. याचे ‘आठ जणांची टीम’ करू नये. ‘तीन जण थेट, ऑडिटच्या काळात इतर खात्यांतल्या पाच जणांचा समन्वय’ हे खरे आहे, आणि माझ्या मते जास्त वजनदारही. ज्यांच्या रजेवर आणि अप्रेझलवर आपला हात नाही त्यांच्याकडून वेळेत काम करून घेणे अवघड असते, हे मुलाखत घेणाऱ्याला ठाऊक असते.

संदर्भासाठी नावे देताना थेट साहेबांचे पहिले द्या. डॉटेड लाइनच्या साहेबांचे नाव दिलेत, तर ते कोणत्या कामापुरते सांगू शकतील हेही शेजारी लिहा आणि त्यांना आधी फोन करून तुमचे पदनाम व महिने कळवून ठेवा. तुमच्या बढतीची तारीख त्यांना माहीत असेलच असे नाही.